पल्स सर्व्हे किती दिवसांनी घ्यायचा आणि कोणते प्रश्न फिरवायचे

प्रश्न: चाकणला आमची २४० जणांची कंपनी आहे. १६५ जण तीन शिफ्टमध्ये शॉप फ्लोअरवर, ७५ ऑफिसात. आठ महिन्यांपासून दर दोन आठवड्यांनी १० प्रश्नांचा पल्स सर्व्हे मोबाइलवर पाठवतो. सुरुवातीला ७८ टक्के लोक भरायचे, आता ४१ टक्के. एमडी म्हणतात प्रश्न बदलत राहा, कंटाळा येणार नाही. प्लँट हेड म्हणतात बंदच करा. नक्की किती दिवसांनी घ्यावा? कोणते प्रश्न कायम ठेवावेत आणि कोणते फिरवावेत?

उत्तर: आधी एक हिशेब करा. वर्षाला २६ फेऱ्या, प्रत्येकी १० प्रश्न, म्हणजे एका माणसाकडून तुम्ही वर्षभरात २६० उत्तरं मागता. आता शेजारी दुसरा आकडा लिहा: या आठ महिन्यांत किती वेळा लोकांना सांगितलं गेलं की तुम्ही हे म्हणालात, त्यावर आम्ही हे केलं? हा आकडा दोन-तीनच्या पुढे गेला नसेल, तर माझ्या मते तुमची अडचण प्रश्नांच्या तोचतोचपणाची फारशी नाही. लोक प्रश्नांना कंटाळण्याआधी उत्तर देऊन काही होत नाही याला कंटाळतात. एमडींच्या म्हणण्याप्रमाणे नुसते प्रश्न बदलले तर पुढच्या दोन फेऱ्यांत नवेपणामुळे टक्का थोडा वर येईल आणि पुन्हा उतरेल. प्लँट हेडच्या म्हणण्याप्रमाणे सर्व्हे बंद केला तर लोकांची समजूत पक्की होईल की विचारणं दिखाव्याचंच होतं.

अर्थात हे सगळं तुमच्याकडे पगारवाढ कधी होते, युनियन आहे का, कंत्राटी कामगार किती आणि सुपरवायझर किती मोकळे आहेत, यावर अवलंबून आहे. त्यामुळे खालचे आकडे जसेच्या तसे उचलू नका, पण त्यांमागचा हिशेब तुमच्याकडेही चालेल.

४१ टक्के म्हणजे नक्की कोण?

काही बदलण्याआधी गेल्या सहा फेऱ्यांचा डेटा एक्सेलमध्ये घ्या आणि प्रतिसाद विभागवार आणि शिफ्टवार फोडा. एकूण ४१ टक्क्यांच्या आत फार वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या असू शकतात. समजा ऑफिसातल्या ७५ पैकी ५३ जणांनी भरला आणि फ्लोअरवरच्या १६५ पैकी ४६ जणांनी. बेरीज ९९, म्हणजे तुमचे ४१ टक्के. पण ऑफिस ७० टक्क्यांवर आहे आणि फ्लोअर २८ टक्क्यांवर. हा प्रकार असेल तर कंटाळ्याआधी सोय तपासायची. लाइनवर मोबाइल न्यायला बंदी आहे का? लिंक सकाळी ११ ला जाते तेव्हा तिसऱ्या शिफ्टची माणसं झोपलेली असतात का? फॉर्म इंग्रजीत आहे का? यातलं काही असलं तर तुम्ही किती दिवसांनी विचारता याने फरक पडणार नाही.

दुसरा प्रकार म्हणजे एकाच विभागाचा टक्का एकाएकी पडणं. क्वालिटीचा प्रतिसाद मार्चपर्यंत ७५ होता आणि एप्रिलमध्ये ३० झाला, बाकी सगळे तिथेच, असं दिसलं तर त्या विभागात काहीतरी घडलंय. बहुतेक वेळा सुपरवायझरने मीटिंगमध्ये "हे कोणी लिहिलं" असं विचारलेलं असतं. हा विश्वासाचा प्रश्न आहे आणि तो त्या सुपरवायझरशी बोलूनच सुटतो.

खरा थकवा वेगळा दिसतो. तो सगळीकडे थोडाथोडा आणि सतत उतरत जातो, आणि प्रतिसादाचा टक्का पडण्याआधी उत्तरांचा दर्जा घसरतो. तुमच्या टूलमध्ये फॉर्म भरायला लागलेला वेळ नोंदला जात असेल तर तो काढा. दहा प्रश्न वाचून भरायला साधारण एक ते दीड मिनिट लागतं. तीस सेकंदांच्या आत संपवणारे लोक वाचत नाहीत. सगळ्या दहाही प्रश्नांना एकच आकडा देणाऱ्यांचं प्रमाण बघा, विशेषतः सगळीकडे "३" देणाऱ्यांचं. मोकळ्या जागेत काही लिहिणारे किती उरले ते बघा. आणि पहिल्या दिवशी भरणारे किती, दुसऱ्या आठवणीनंतर भरणारे किती, हेही. चारही गोष्टी एकाच दिशेने सरकत असतील तर तो थकवा.

अजून एक खूण मुद्दाम सांगतो, कारण ती चांगली बातमी म्हणून वाचली जाते. प्रतिसाद घटतोय आणि सरासरी गुण मात्र वाढतायत, असं दिसलं तर खूश होऊ नका. नाराज माणूस बऱ्याचदा आधी भरायचं थांबवतो. मागे जे उरतात ते मुळातच समाधानी असतात, म्हणून सरासरी वर जाते. अशा वेळी टक्केवारीपेक्षा माणसं मोजा. आधी १८७ पैकी ११२ जण "हो" म्हणाले होते, म्हणजे ६० टक्के. आता ९९ पैकी ६७ म्हणतात, म्हणजे ६८ टक्के. टक्का आठने वाढला, पण "हो" म्हणणारी ४५ माणसं कमी झाली आहेत.

किती दिवसांनी: सर्वांत संथ पायरी शोधा

सर्व्हे किती दिवसांनी घ्यायचा हे आपल्याला किती वेळा जाणून घ्यायचंय यावर ठरवू नका. एक फेरी पूर्ण व्हायला तुमच्याकडे किती दिवस लागतात यावर ठरवा. फेरी म्हणजे फॉर्म बंद झाला आणि आकडे आले एवढंच नव्हे. आकडे वाचले, विभागप्रमुखांशी बोलणं झालं, लोकांना निकाल सांगितला, एखादी गोष्ट प्रत्यक्ष बदलली आणि तो बदल लोकांना जाणवण्याइतका वेळ गेला, की फेरी संपली.

तुमच्या आकाराच्या कारखान्यात हे साधारण असं जातं. फॉर्म पाच कामाचे दिवस खुला, कारण तिन्ही शिफ्टना संधी मिळायला हवी. वाचायला आणि विभागवार पानं काढायला तीन दिवस. विभागप्रमुखांबरोबर बसायला पुढचा आठवडा, कारण डिस्पॅचच्या गडबडीत सगळे एकाच दिवशी मिळत नाहीत. इथे साधारण अडीच आठवडे गेले. आता एक साधी गोष्ट बदलायची, म्हणजे एखादं रॅक हलवायचं, रोस्टर लावायची तारीख बदलायची, पंखे बसवायचे, तरी खरेदीची मंजुरी धरून तीन-चार आठवडे लागतात. त्यानंतर लोकांना फरक कळायला दोन आठवडे. बेरीज आठ आठवड्यांच्या आसपास येते. म्हणून तुमच्यासाठी माझं उत्तर: दोन महिन्यांनी एकदा, वर्षाला सहा फेऱ्या.

सध्या दर दोन आठवड्यांनी काय होतंय बघा. पहिल्या फेरीवर विभागप्रमुखांशी बोलणं संपायच्या आत दुसरी येते. त्यामुळे कोणत्याच फेरीवर काही होत नाही आणि माणसाला तोच प्रश्न, तीच अडचण कायम असताना, पुन्हा विचारला जातो. तिसऱ्या-चौथ्या वेळी तो वैतागणारच.

"मग दर महिन्याला तरी घेऊ" असं एमडी म्हणतील. त्यांना पर्याय म्हणून एक पद्धत कोणीतरी सुचवेलही: लोकांचे तीन गट करा, दर महिन्याला एका गटाला विचारा, म्हणजे माणसाला तीन महिन्यांनी एकदाच त्रास आणि कंपनीला दर महिन्याला आकडा. दीड-दोन हजार माणसांच्या कंपनीत ही पद्धत छान चालते. तुमच्याकडे चालणार नाही. २४० चा तिसरा हिस्सा ८०, त्यातल्या ६० टक्क्यांनी भरला तर ४८ उत्तरं. एवढ्या उत्तरांवरून सगळ्या कंपनीचा अंदाज बांधला तर टक्केवारीत दोन्ही बाजूंनी बारा-तेराचा फरक निव्वळ योगायोगाने येऊ शकतो. मे महिन्यात ५८ आणि जूनमध्ये ६६ आले तर कंपनी सुधारली की फक्त वेगळ्या माणसांनी भरलं, हे सांगता येणार नाही. आणि विभागवार फोडलं तर हातात तीन-चार उत्तरं उरतील, जी दाखवताच येत नाहीत.

दोन महिन्यांतून एकदापेक्षा जास्त वेळा विचारणं एकाच परिस्थितीत योग्य ठरतं: एखादा ठरावीक बदल चालू असताना. नवीन शिफ्ट पद्धत लागू झाली, लाइन दुसऱ्या शेडमध्ये हलवली, स्टोअरला नवीन सॉफ्टवेअर आलं, तर ज्यांच्यावर परिणाम होतोय फक्त त्यांनाच, दर आठवड्याला दोन प्रश्न, सहा किंवा आठ आठवडे. संपण्याची तारीख पहिल्याच दिवशी सांगायची आणि ती पाळायची. उलट, पन्नासपेक्षा कमी माणसं असतील तर वर्षातून दोनदा पुरे. तिथे समोरासमोर बसून जे कळतं ते फॉर्ममधून कळत नाही, आणि नाव न लिहिताही कोणी काय लिहिलं हे ओळखू येतं.

महिने निवडताना मी फेब्रुवारी, एप्रिल, जून, ऑगस्ट, ऑक्टोबर, डिसेंबर घेईन आणि शक्यतो दुसरा आठवडा. मार्चअखेरची धावपळ त्यामुळे टळते, गणपती आणि दिवाळीच्या सुट्ट्याही बहुतेक वर्षी टळतात. सण पुढेमागे होतात, तेव्हा आठवडा सरकवा पण महिना तोच ठेवा. पगारवाढीची पत्रं एप्रिलमध्ये निघत असतील तर एप्रिलची फेरी पत्रांच्या आधी संपवा. पत्र हातात पडलेल्या आठवड्यात तुम्ही कुठलाही प्रश्न विचारा, उत्तर पत्रालाच मिळतं. आणि तुलना करताना जूनची तुलना एप्रिलशी करण्याइतकीच मागच्या जूनशी करा. मे-जूनच्या उकाड्यात फ्लोअरवरचे आकडे खाली येतात, त्यात सुपरवायझरचा दोष नसतो.

कायम राहणारे तीन प्रश्न

एका फेरीत सात प्रश्न: तीन कायमचे, तीन फिरते, एक मोकळा. सात का? कारण शिफ्ट सुरू होतानाच्या पाच मिनिटांच्या मीटिंगमध्ये हे भरून होतात. प्रश्न वाढले की माणूस "नंतर भरतो" म्हणतो आणि तो नंतर येत नाही.

कायमच्या तीनपैकी प्रत्येकाचं काम वेगळं असावं. पहिला एकूण मतासाठी: "ओळखीच्या माणसाला मी या कंपनीत काम करायला सुचवेन." दुसरा भरभर बदलणाऱ्या गोष्टीसाठी, म्हणजे कामाच्या भारासाठी: "मला दिलेलं काम शिफ्टच्या वेळेत होण्यासारखं असतं." हा आकडा दोन महिन्यांत खरोखर हलतो, म्हणून तो प्रत्येक वेळी विचारण्यात अर्थ आहे. तिसरा सर्व्हेबद्दलच: "मागच्या सर्व्हेत आम्ही जे सांगितलं त्याचं पुढे काय झालं हे मला माहीत आहे."

तिसरा प्रश्न बहुतेक कंपन्या विचारत नाहीत. माझ्या दृष्टीने तो सातांमधला सगळ्यात कामाचा, कारण पुढच्या फेरीचा प्रतिसाद कसा असेल याचा अंदाज त्यावरून येतो. कुठल्या विभागात याचं उत्तर अर्ध्याहून खाली आलं, तर त्या विभागात पुढची फेरी घेऊ नका. त्या दोन महिन्यांत आधीचं जे राहिलंय ते पूर्ण करा, लोकांना सांगा, मग विचारा.

पहिल्या प्रश्नासाठी शून्य ते दहाची पट्टी वापरून ईएनपीएस काढण्याचा मोह होईल. त्यात ९ आणि १० देणाऱ्यांच्या टक्क्यातून ० ते ६ देणाऱ्यांचा टक्का वजा करतात. कंपनीच्या पातळीवर ठीक आहे, पण दहा जणांच्या टीममध्ये एकाच माणसाने ६ ऐवजी ९ दिले की स्कोअर २० ने उडी मारतो. विभागप्रमुख त्या उडीवर तासभर चर्चा करतात आणि घडलेलं काहीच नसतं. सगळ्या प्रश्नांना पाच पर्यायांची एकच पट्टी ठेवा आणि निकाल "२२ पैकी १४ जण सहमत" असा माणसांत सांगा. छोट्या गटात टक्केवारीपेक्षा हे प्रामाणिक असतं.

कायमचे प्रश्न नेहमी सुरुवातीला, त्याच क्रमाने आणि अक्षरशः त्याच शब्दांत. हा हट्ट कशासाठी? फिरत्या प्रश्नांत एकदा तुम्ही पगारवाढीबद्दल विचारलं आणि त्यानंतर लगेच "कंपनी सुचवाल का" विचारलं, तर उत्तर खाली येतं, कारण माणसाच्या डोक्यात पगार असतो. पुढच्या वेळी त्या जागी ट्रेनिंगचा प्रश्न असेल तर आकडा वर जाईल आणि तुम्हाला वाटेल सुधारणा झाली. मराठी आणि हिंदी दोन्ही रूपं एकदाच नीट बसवा, फ्लोअरवरच्या चार-पाच जणांना वाचायला देऊन त्यांना काय समजलं ते विचारा, आणि मग वर्षभर हात लावू नका. "साहेब माझं ऐकतात आणि मदत करतात" असे एकात दोन प्रश्न इथेच पकडले जातात. ऐकणारा पण मदत न करणारा साहेब असेल तर माणसाने काय भरायचं?

फिरते प्रश्न: ज्या वेगाने गोष्ट बदलते त्या वेगाने विचारा

प्रश्न फिरवायचे ते केवळ नवेपणासाठी नाहीत. प्रत्येक विषयाचा बदलण्याचा एक वेग असतो. हत्यारं, गेज, मटेरियल वेळेवर मिळतं का, हे चार महिन्यांत बदलू शकतं. सुपरवायझरची वागणूक बदलायला सहा महिने तरी लागतात. शिकण्याची संधी किंवा पगारवाढ कशावर ठरते याची स्पष्टता, हे वर्षातून एकदाच हलतं. वर्षातून एकदा हलणारी गोष्ट सहा वेळा विचारली की सहापैकी पाच वेळा तुम्ही तेच उत्तर गोळा करता, आणि लोकांनाही ते कळतं.

सहा फेऱ्या आणि प्रत्येकी तीन जागा, म्हणजे वर्षाला अठरा जागा. त्या मी अशा भरेन.

सुपरवायझरबद्दल तीन प्रश्न आहेत: तो ऐकून घेतो का, चांगल्या कामाची दखल घेतो का, रजा आणि ओव्हरटाइम सगळ्यांना सारख्या नियमाने देतो का. प्रत्येक फेरीत यातला फक्त एक विचारा. पहिला फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये, दुसरा एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये, तिसरा जून आणि डिसेंबरमध्ये. म्हणजे प्रत्येक प्रश्न बरोबर सहा महिन्यांनी परत येतो, आणि सुपरवायझरलाही एका वेळी एकाच गोष्टीवर काम करावं लागतं. तीनही एकदम विचारले तर फॉर्म सुपरवायझरची परीक्षा घेतल्यासारखा वाटतो आणि भरणारे हात आखडता घेतात.

एप्रिल, ऑगस्ट आणि डिसेंबरमध्ये उरलेल्या दोन जागी कामाच्या सोयीचे दोन प्रश्न: लागणारी साधनं वेळेवर मिळतात का, आणि काही धोक्याचं वाटलं तर काम थांबवून सांगता येतं का. फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरमध्ये त्या दोन जागी वर्षातून एकदाच विचारायचे संथ विषय. फेब्रुवारीत नवीन काम शिकायला मिळणं आणि पुढच्या ग्रेडची वाट स्पष्ट असणं, कारण ट्रेनिंगचं पुढच्या वर्षाचं बजेट तेव्हा ठरत असतं. जूनमध्ये पगारवाढ कशावर ठरते हे माहीत असणं आणि दुसऱ्या विभागाकडून माहिती वेळेवर मिळणं. ऑक्टोबरमध्ये बस आणि कँटीन.

कँटीन ऑक्टोबरमध्ये का, तर समजा तुमचं कँटीनचं कंत्राट जानेवारीत नव्याने होतं. उत्तर हातात येईल तेव्हा वाटाघाटीला वेळ असेल. तेच मार्चमध्ये विचारलं तर लोक भरभरून लिहितील आणि तुम्हाला पुढचे नऊ-दहा महिने काहीच करता येणार नाही. फिरता प्रश्न कुठल्या महिन्यात ठेवायचा हे त्या विषयावरचा निर्णय कधी होतो यावरून ठरवा.

यातूनच प्रश्न निवडण्याची गाळणी मिळते. कोणी नवीन प्रश्न सुचवला, अगदी एमडींनी सुचवला, तरी आधी विचारा: उत्तर वाईट आलं तर पहिल्या तीस दिवसांत काय करायचं आणि ते कोण करणार? नाव सांगता आलं नाही तर तो प्रश्न यादीत घ्यायचा नाही. घ्यायचा ठरला तर एक जुना बाहेर काढायचा, सातचे आठ करायचे नाहीत. आणि जे रजिस्टरमधून कळतं ते माणसांना विचारू नका. ओव्हरटाइमचे तास, गैरहजेरी, सोडून गेलेल्यांची संख्या तुमच्या पगाराच्या सिस्टीममध्ये आहेच.

मोकळा प्रश्न एकच: "गेल्या दोन महिन्यांत काम अडलं अशी एक गोष्ट लिहा." "काही सूचना?" असं विचारलं की बहुतेक लोक "नाही" लिहितात. नेमकं काय आठवायचं हे सांगितलं की लिहितात.

एक विषय शेवटपर्यंत नेऊन बघू

समजा एप्रिलच्या फेरीत साधनांच्या प्रश्नावर मशीन शॉपच्या पहिल्या शिफ्टमध्ये ३० पैकी २२ जण सहमत आहेत आणि तिसऱ्या शिफ्टमध्ये २८ पैकी फक्त ९. मोकळ्या जागेत पाच-सहा जणांनी लिहिलंय की रात्री गेज मिळत नाही. चौकशीत कळतं की टूल क्रिब ११ ला बंद होतं, चावी स्टोअरवाल्याकडे असते, आणि कॅलिब्रेशनला गेलेल्या गेजऐवजी दुसरं घ्यायचं तर सकाळपर्यंत थांबावं लागतं. उपाय लहान आहे: रोजच्या वापरातल्या गेजचा एक संच तिसऱ्या शिफ्टच्या इनचार्जच्या ताब्यात, नोंदवहीसह.

दहाव्या दिवसापर्यंत सूचनाफलकावर आणि शिफ्ट मीटिंगमध्ये तीन ओळी जायला हव्यात. तुम्ही काय सांगितलं, आम्ही काय करतोय आणि कधीपर्यंत, आणि काय करू शकत नाही व का. तिसरी ओळ लोक टाळतात, पण तीच जास्त विश्वास मिळवते. "रात्री स्टोअरला वेगळा माणूस देता येणार नाही, या वर्षीच्या मंजूर मनुष्यबळात ती जागा नाही" हे स्पष्ट सांगितलेलं चालतं. गप्प राहिलेलं चालत नाही.

जूनमध्ये हा प्रश्न विचारायचा नाही, कारण नोंदवहीची सवय बसायला वेळ द्यायचा आहे. ऑगस्टमध्ये तो परत येतो आणि समजा आता २७ पैकी १९ जण सहमत आहेत. नऊचे एकोणीस, हा बदल खरा मानायला हरकत नाही. त्याच फेरीत ऑफिसचा आकडा ४० पैकी २४ वरून ४१ पैकी २७ झाला असेल तर तो बदल मानू नका. तीन माणसं इकडची तिकडे झाली एवढंच. तीसच्या आसपास उत्तरं असलेल्या गटात तीन-चार माणसांच्या फरकावर कोणाला शाबासकी नको आणि कोणाला जाबही नको.

गुप्तता कुठे फुटते

पाचपेक्षा कमी उत्तरं आलेल्या गटाचा निकाल वेगळा दाखवायचा नाही, हे तुमचं टूल आपोआप करत असेल. लेखी मतांसाठी मर्यादा दहा ठेवा, कारण लिहिण्याच्या ढबीवरून माणूस ओळखू येतो. पण वजाबाकीची वाट टूल नेहमी बंद करत नाही. क्वालिटीची एकूण ११ उत्तरं तुम्ही दाखवली आणि त्यातलीच पहिल्या शिफ्टची ८ वेगळी दाखवली, तर उरलेल्या तिघांचं मत कोणीही काढू शकतो. म्हणून एखादा उपगट लपवावा लागत असेल तर त्या विभागाची शिफ्टवार फोड पूर्णच टाळा. स्टोअर आणि डिस्पॅचसारखे सहा-सात जणांचे विभाग कायमचे एकत्र मोजा, आणि ही जोडी वर्षाच्या मध्ये बदलू नका. कंत्राटी कामगारांना विचारत असाल तर त्यांचा निकाल वेगळा काढा. त्यांची पगारवाढ, रजा आणि ग्रेड ठेकेदाराकडे असल्याने त्यांची उत्तरं मिसळली की दोन्ही गटांचं चित्र बिघडतं.

आता काय कराल

सध्याचा सर्व्हे लगेच थांबवा आणि का थांबवतोय ते सांगा: आधीच्या उत्तरांवरच्या दोन गोष्टी पूर्ण करून मग विचारणार आहोत. आठ महिन्यांच्या मतांमधून सर्वांत जास्त वेळा आलेल्या आणि तुमच्या हातात असलेल्या दोन गोष्टी निवडा, महिना-दीड महिन्यात करून दाखवा. जुन्या दहा प्रश्नांपैकी एखादा वरच्या तीन कायमच्या प्रश्नांशी जुळत असेल तर जुनेच शब्द ठेवा, म्हणजे मागचा आलेख तुटणार नाही.

मग सात प्रश्नांची पहिली फेरी घ्या. फ्लोअरसाठी कँटीनच्या दारात एक टॅबलेट, सूचनाफलकावर क्यूआर कोड आणि तिसऱ्या शिफ्टसाठी कागदी फॉर्म व बंद पेटी, शिवाय शिफ्टच्या सुरुवातीला पाच मिनिटं, ज्या वेळात सुपरवायझर तिथे नसेल. कोणत्या विभागाचा प्रतिसाद जास्त याची स्पर्धा लावू नका. स्पर्धा लागली की सुपरवायझर मागे उभा राहून भरून घेतो, टक्का ९५ होतो आणि उत्तरांवर विसंबता येत नाही. फ्लोअरवर साठ टक्क्यांच्या पुढे मोकळेपणाने भरलेली उत्तरं मिळाली तर तुमच्या आकारात ती पुरेशी आहेत.

तीन फेऱ्यांनंतर पुन्हा बसा. वेळ, एकसारखी उत्तरं, लिहिणाऱ्यांचं प्रमाण आणि पहिल्या दिवशीचा प्रतिसाद, या चारही गोष्टी स्थिर असतील आणि तिसऱ्या कायमच्या प्रश्नाला दोन तृतीयांशांहून जास्त लोक "माहीत आहे" म्हणत असतील, तर दोन महिन्यांचं अंतर तुम्हाला झेपतंय. त्यानंतर एमडींना दीड महिन्यावर यायचं असेल तर येऊन बघा. घसरण दिसली तर तीन महिन्यांवर जा. अठरा जागांचं वेळापत्रक तेव्हा बारा जागांचं होईल. त्यात आधी बस-कँटीन आणि दुसऱ्या विभागाच्या माहितीचे प्रश्न काढा, आणि कामाच्या सोयीचे दोन व सुपरवायझरचा तीनपैकी एक वर्षातून एकेकदा कमी विचारा. शिकणं, ग्रेड आणि पगारवाढीचे प्रश्न एकदाच येतात, ते राहू द्या.